खिळा तांबूस का होतो?



पावसाळ्याच्या दिवसांत द्राक्षाच्या किंवा सुपारीच्या बागेत गेलात, तर एक गंमत पाहायला मिळेल. बागायतदार एका पिंपात निळसर रंगाचे औषध तयार करतो. त्याला बोर्डो मिश्रण म्हणतात. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, असे त्याचे साधारण प्रमाण असते. फ्रान्समधील बोर्डो गावाच्या परिसरात 1885 साली मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने द्राक्षवेलींवरील बुरशीसाठी हे औषध लोकांपुढे मांडले. म्हणून त्याला हे नाव पडले.

मिश्रण तयार झाले की शेतकरी लगेच फवारणी करीत नाही. तो लोखंडाचा विळा किंवा चाकू घासून चकचकीत करतो. मग त्याचे पाते मिश्रणात मिनिटभर बुडवून बाहेर काढतो आणि निरखून पाहतो. पाते तांबूस झाले असेल, तर तो पिंपात आणखी थोडी चुन्याची निवळी घालतो आणि पुन्हा विळा बुडवतो. पाते जसेच्या तसे राहिले, की मगच पंप खांद्याला लावतो.

हा शेतकरी विळ्याला काय विचारत असतो? विळा त्याला काय उत्तर देतो? या पाठाच्या शेवटी त्याचे उत्तर तुम्हांला स्वतःच देता येईल. त्याआधी आपण प्रयोगशाळेत जाऊ.

एक खिळा आणि निळे द्रावण

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तुमच्या घरी कदाचित त्याला ‘नीला थोथा’ म्हणत असतील. त्याचे अडीच ग्रॅम स्फटिक शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवले, की सुंदर निळे द्रावण तयार होते. त्यातले थोडे द्रावण परीक्षानळीत घ्या. एक लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा आणि दोऱ्याने बांधून द्रावणात सोडा. खिळा साध्या लोखंडाचा असावा. पांढरट मुलामा दिलेला खिळा घेऊ नका, कारण तो मुलामा जस्ताचा असतो आणि मग तुमचा प्रयोग लोखंडाचा न राहता जस्ताचा होतो.

अर्ध्या तासाने खिळा बाहेर काढा. जेवढा भाग द्रावणात होता, तेवढ्यावर तांबूस थर बसलेला दिसेल. द्रावणाचा निळा रंग फिका झालेला असेल. नळी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवली, तर द्रावणात हिरवट छटा दिसू लागेल.

आतापर्यंत आपण फक्त निरीक्षण केले. उर्दूत ज्याला आपण मुशाहिदा म्हणतो, ते हेच. डोळ्यांना जे दिसले ते निरीक्षण, आणि त्यावरून बुद्धीने जे ठरवले तो निष्कर्ष. ‘खिळ्यावर तांबूस थर बसला’ हे निरीक्षण आहे. ‘खिळ्यावर तांबे जमा झाले’ हा निष्कर्ष आहे. परीक्षेत पुष्कळ मुले या दोन्हींची सरमिसळ करतात आणि त्यामुळे त्यांचे गुण जातात.

आता निष्कर्षाकडे वळू. कॉपर सल्फेटच्या द्रावणात तांब्याचे कण धातूच्या रूपात नसतात. ते आयनांच्या रूपात असतात. तांब्याच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. द्रावणाचा निळा रंग याच आयनांमुळे येतो. लोखंड खिळ्यात धातूच्या रूपात असते. तांब्याच्या मानाने लोखंड आपले इलेक्ट्रॉन अधिक सहज देऊन टाकते. म्हणून लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि आयन होऊन द्रावणात उतरतो. ते इलेक्ट्रॉन तांब्याचा आयन घेतो आणि धातू होऊन खिळ्यावर बसतो. सल्फेट मात्र आधी होते तसेच शेवटपर्यंत द्रावणात राहते.

Fe + CuSO₄ → FeSO₄ + Cu

म्हणजे द्रावणात तांब्याची जागा लोखंडाने घेतली. एका धातूने दुसऱ्या धातूला त्याच्या क्षारातून हटवून त्याची जागा घेणे, याला विस्थापन अभिक्रिया म्हणतात. आता दोन्ही निरीक्षणांचा अर्थ लागतो. तांब्याचे आयन कमी झाले म्हणून निळा रंग फिका झाला. लोखंडाचे आयन वाढले म्हणून हिरवट छटा आली, कारण फेरस सल्फेटचे, म्हणजे हिराकसाचे, द्रावण फिकट हिरवे असते.

छायाचित्रातील तक्ता

लोखंड तांब्याला हटवते, एवढ्या एका गोष्टीवरून सर्व धातूंचा क्रम ठरत नाही. त्यासाठी धातूंची आपापसांत गाठ घालून द्यावी लागते. आमच्या शाळेत नववीच्या वर्गाने हा प्रयोग केला. मॅग्नेशियम, जस्त, लोखंड आणि तांबे असे चार धातू घेतले. याच चार धातूंच्या सल्फेटांची द्रावणे तयार केली. प्रत्येक द्रावणासाठी शंभर मिलिलिटर पाण्यात अडीच ते तीन ग्रॅम क्षार घेतला. प्रत्येक परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण घेऊन त्यात घासून स्वच्छ केलेला धातूचा तुकडा टाकला आणि अर्धा तास वाट पाहिली.

धातू स्वतःच्याच क्षारात टाकण्यात अर्थ नसतो. त्यामुळे बारा नळ्या पुरल्या. याशिवाय आणखी चार नळ्यांत नुसती द्रावणे ठेवली, त्यांत कोणताही धातू टाकला नाही. या चार नळ्या कशासाठी, हे पुढे कळेल.

एका विद्यार्थिनीने वहीत निरीक्षणांचा तक्ता नीटनेटका लिहिला होता. त्या पानाचे छायाचित्र काढून आम्ही फलकावर लावले. पण लिहिता लिहिता तिच्या हातातल्या नळीतून पानावर थेंब सांडला होता आणि एका चौकटीतील अक्षरे पुसली गेली होती. तो तक्ता असा होता :

| धातू | मॅग्नेशियम सल्फेट | झिंक सल्फेट | फेरस सल्फेट | कॉपर सल्फेट |
|---|---|---|---|---|
| मॅग्नेशियम | – | करडा थर, थोडे बुडबुडे | काळपट थर, बुडबुडे | तपकिरी थर, बुडबुडे, नळी कोमट, निळा रंग जवळजवळ गेला |
| जस्त | बदल नाही | – | (अक्षरे पुसली आहेत) | आधी काळपट, मग तांबूस थर, निळा रंग फिका |
| लोखंड | बदल नाही | बदल नाही | – | तांबूस थर, निळा रंग फिका |
| तांबे | बदल नाही | बदल नाही | बदल नाही | – |

हा तक्ता आडवा वाचा. मॅग्नेशियमने तिन्ही द्रावणांत बदल घडवला. त्याने जस्त, लोखंड आणि तांबे या तिघांनाही हटवले. लोखंडाने फक्त तांब्याला हटवले. तांब्याने कोणालाच हटवले नाही. म्हणजे मॅग्नेशियम सर्वांत वर आणि तांबे सर्वांत खाली, एवढे निश्चित झाले. प्रश्न उरतो तो जस्त आणि लोखंड यांच्यात वर कोण, हा. आणि नेमकी तीच चौकट पुसली गेली आहे.

पुसलेली चौकट कशी वाचावी?

पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबा. तक्त्यातील इतर चौकटी पाहून तुम्हांला ही चौकट भरता येईल का?

वर्गातील एक मुलगा म्हणाला, “सर, दोघांनीही तांब्याला हटवलं आहे. म्हणजे दोघं सारखेच.” हा तर्क बरोबर नाही. दोन पैलवानांनी एकाच तिसऱ्या पैलवानाला चीत केले, म्हणून ते दोघे सारख्या ताकदीचे ठरत नाहीत. त्या दोघांची कुस्ती पाहावी लागते.

ती कुस्ती तक्त्यात एका ठिकाणी आहे. लोखंडाची ओळ पाहा. झिंक सल्फेटच्या द्रावणात लोखंड टाकले, तेव्हा ‘बदल नाही’ असे लिहिले आहे. म्हणजे लोखंडाला जस्त हटवता आले नाही. लोखंड जर जस्तापेक्षा अधिक क्रियाशील असते, तर त्याने जस्ताला हटवलेच असते. म्हणून जस्त हे लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असले पाहिजे. आणि तसे असेल, तर फेरस सल्फेटच्या द्रावणात जस्त टाकल्यावर जस्ताने लोखंडाला हटवायला हवे.

मग पुसलेल्या चौकटीत काय लिहिलेले असेल? द्रावणातून लोखंड बाहेर पडून जस्तावर बसेल. इतके बारीक लोखंड चकचकीत दिसत नाही, काळपट करडे दिसते. द्रावणाची हिरवी छटा हळूहळू कमी होईल, कारण झिंक सल्फेटचे द्रावण रंगहीन असते. आम्ही प्रयोग पुन्हा केला. जस्ताच्या पट्टीवर काळपट थर बसला. मात्र तो तांब्याच्या थरासारखा भरभर बसला नाही, त्याला वेळ लागला. क्रियाशीलतेच्या क्रमात जस्त आणि लोखंड जवळजवळ आहेत, तर जस्त आणि तांबे एकमेकांपासून बरेच दूर आहेत.

Zn + FeSO₄ → ZnSO₄ + Fe

अशा रीतीने आपला क्रम पूर्ण झाला : मॅग्नेशियम, जस्त, लोखंड, तांबे. अशाच प्रयोगांतून शास्त्रज्ञांनी धातूंची लांब यादी तयार केली आहे. तिला क्रियाशीलता श्रेणी म्हणतात. वरून खाली ती अशी आहे :

पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसे, (हायड्रोजन), तांबे, पारा, चांदी, सोने.

नियम एकच आहे. वरचा धातू खालच्या धातूला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून हटवतो. खालचा धातू वरच्याला हटवू शकत नाही. हायड्रोजन धातू नाही, पण सौम्य आम्लातून हायड्रोजन कोणते धातू बाहेर काढतात हे समजावे म्हणून त्याला या यादीत जागा दिली आहे.

तक्त्यातील दोन खुणा

तक्त्यात मॅग्नेशियमच्या ओळीत ‘बुडबुडे’ हा शब्द तीनदा आला आहे. विस्थापनात तर एक धातू जातो आणि दुसरा येतो. मग हा वायू कुठून आला? कॉपर सल्फेटसारख्या क्षारांचे द्रावण किंचित आम्लधर्मी असते. मॅग्नेशियम इतके क्रियाशील आहे, की धातू हटवता हटवता ते त्या द्रावणातून थोडा हायड्रोजनही बाहेर काढते. बुडबुडे दिसले म्हणून विस्थापन झाले नाही असे समजू नका. एकाच नळीत दोन अभिक्रिया चालू आहेत. विस्थापनाचा पुरावा म्हणजे धातूवरचा थर आणि द्रावणाचा बदललेला रंग.

दुसरी खूण तांब्याच्या ओळीत होती. तासाभराने आम्ही पाहिले, तर तांबे टाकलेले फेरस सल्फेटचे द्रावण पिवळसर दिसू लागले होते. काही मुलांनी घाईने लिहिले, “अभिक्रिया झाली.” तेव्हा त्या जास्तीच्या चार नळ्या कामाला आल्या. नुसत्या फेरस सल्फेटची नळी पाहिली, तर तीही तशीच पिवळसर झाली होती. तिच्यात तांबे नव्हतेच! म्हणजे रंग तांब्यामुळे बदलला नव्हता. फेरस सल्फेट हवेतील ऑक्सिजनमुळे हळूहळू बदलते आणि पिवळसर होते. म्हणून हे द्रावण नेहमी ताजे करावे, आणि ‘बदल झाला’ असे लिहिण्यापूर्वी धातू नसलेल्या नळीशी तुलना करावी.

ॲल्युमिनियमचे कोडे

या प्रयोगानंतर मी मुलांना आणखी एक काम दिले. ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या पत्र्याचा तुकडा कॉपर सल्फेटच्या द्रावणात टाका आणि दहा मिनिटांनी काय दिसते ते लिहा. हा तुकडा घासू नका, असे मी मुद्दाम सांगितले.

वह्या तपासताना मला दोन प्रकारची उत्तरे दिसली. बहुतेक मुलांनी लिहिले होते, “तांबूस थर बसला.” त्या तक्तावाल्या मुलीने मात्र लिहिले होते, “काहीही बदल दिसला नाही.” तिने पुढे कंसात प्रश्नही विचारला होता, “श्रेणीत ॲल्युमिनियम तांब्याच्या बरेच वर आहे. मग असे का?”

मी सर्वांच्या नळ्या मागवल्या. एकाही तुकड्यावर तांबूस थर नव्हता. ज्या मुलांनी तो लिहिला होता, त्यांनी नळीकडे न पाहता श्रेणीकडे पाहून उत्तर लिहिले होते. त्यांना एक मुलगा म्हणाला, “पण सर, नियमाप्रमाणे तेच यायला हवं होतं.” मी म्हणालो, “यायला हवं होतं ते अंदाज म्हणून लिहा. आलं ते निरीक्षण म्हणून लिहा. दोन्ही जुळले नाहीत, तरच शिकण्यासारखं काही हाती लागतं.”

आणि खरेच तसे झाले. नियम खोटा नव्हता. ॲल्युमिनियमला हवा लागली, की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पण घट्ट थर तयार होतो. हा थर डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे द्रावण आणि ॲल्युमिनियम यांची भेटच होत नाही. दोघांमध्ये जणू पडदा असतो.

पडदा असेल, तर तो दूर केल्यावर अभिक्रिया झाली पाहिजे. आम्ही त्याच नळ्यांत चिमूटभर खाण्याचे मीठ टाकून ढवळले. थोड्याच वेळात तुकड्यावर तांबूस ठिपके दिसू लागले, बुडबुडे येऊ लागले आणि नळी चांगली गरम झाली. मिठातील क्लोराइड आयन त्या ऑक्साइडच्या थराला जागोजाग भेदतात. मग आतले ॲल्युमिनियम द्रावणाला मिळते.

2Al + 3CuSO₄ → Al₂(SO₄)₃ + 3Cu

पण हे तांबे मिठानेच बाहेर काढले नसेल कशावरून? हा प्रश्नही एका मुलाने विचारला, आणि तो योग्यच होता. दुसऱ्या नळीत कॉपर सल्फेटच्या द्रावणात नुसते मीठ टाकून ठेवले. त्यात तांबे बाहेर पडले नाही. म्हणजे मिठाने फक्त दार उघडले, तांब्याला हटवले ते ॲल्युमिनियमनेच.

तुम्ही हा प्रयोग कराल तेव्हा मीठ थोडेच घ्या आणि नळीचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे धरू नका, कारण ही अभिक्रिया एकदम जोर धरते.

प्रश्न आला तर उत्तर कसे लिहावे?

अशा प्रश्नांत दोनच पायऱ्या असतात. आधी ठरवा, नळीत धातूच्या रूपात कोण आहे आणि आयनाच्या रूपात कोण आहे. मग श्रेणीत पाहा, धातू वर आहे की आयनाचा धातू वर आहे. काही नमुने पाहू.

*सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तांब्याची तार टाकली, तर काय दिसेल?* येथे धातू तांबे आहे आणि आयन चांदीचे आहेत. तांबे चांदीच्या वर आहे, म्हणून विस्थापन होईल. तारेवर चांदीचे करडे, चमकदार स्फटिक वाढतील. आधी रंगहीन असलेले द्रावण हळूहळू निळे होईल, कारण आता तांब्याचे आयन त्यात उतरले आहेत. आपल्या तक्त्यात तांबे सर्वांत खाली होते आणि कोणालाही हटवत नव्हते. येथे तेच तांबे हटवणारे झाले. धातू बलवान की दुर्बळ, हे समोर कोण आहे त्यावर ठरते.

*लोखंडी खिळा कॉपर सल्फेटमध्ये ठेवल्यावर त्याचे वजन वाढेल की कमी होईल?* लोखंड विरघळते, म्हणून मुले चटकन ‘कमी होईल’ असे म्हणतात. हिशोब करू. लोखंडाचे अणुवस्तुमान 56 आणि तांब्याचे सुमारे 64 आहे. लोखंडाचा एक अणू जातो तेव्हा तांब्याचा एक अणू येतो. म्हणजे 56 ग्रॅम लोखंड गेले, तर 64 ग्रॅम तांबे येते. आपल्या अडीच ग्रॅम मोरचुदातले सगळे तांबे बाहेर पडले, तर ते सुमारे 0.64 ग्रॅम भरेल आणि त्यासाठी सुमारे 0.56 ग्रॅम लोखंड विरघळेल. सगळे तांबे खिळ्यालाच चिकटून राहिले, तर खिळ्याचे वजन 0.08 ग्रॅमने वाढेल. मात्र हा थर भुसभुशीत असतो. तो गळून नळीच्या तळाशी पडला, तर वजन कमी भरेल.

*कॉपर सल्फेटच्या द्रावणात सोडियम टाकला, तर तांबे मिळेल का?* सोडियम श्रेणीत खूप वर आहे, म्हणून ‘मिळेल’ असे वाटते. पण द्रावणात पाणीही असते. सोडियम आधी पाण्याशीच झगडतो. हायड्रोजन जोरात बाहेर पडतो, सोडियम हायड्रॉक्साइड तयार होते आणि त्यामुळे कॉपर हायड्रॉक्साइडचा निळा साका द्रावणात दिसतो. तांबूस थर मिळत नाही. म्हणून पाण्यातील द्रावणांसाठी हा नियम मॅग्नेशियमपासून खालच्या धातूंना लावावा. सोडियमचा प्रयोग तुम्ही स्वतः कधीही करू नका, त्यात स्फोटाचा धोका असतो.

आता बागेत परत जाऊ

विळा बुडवून शेतकरी काय विचारत होता, ते आता सांगता येईल. मोरचुदात चुना मिसळला, की तांब्याचे आयन न विरघळणाऱ्या निळ्या संयुगात बांधले जातात. चुना पुरेसा पडला नाही, तर तांब्याचे काही आयन मोकळे राहतात. असे मिश्रण फवारले, तर बुरशीबरोबर कोवळी पाने आणि फळेही करपतात. वर्षभराची मेहनत एका फवारणीत वाया जाऊ शकते.

मोकळे तांबे डोळ्यांना वेगळे दिसत नाही, कारण मिश्रण दोन्ही वेळी निळेच असते. पण लोखंड ते ओळखते. मोकळे आयन असतील, तर लोखंड त्यांना हटवते आणि पाते तांबूस होते. सगळे आयन बांधले गेले असतील, तर पात्यावर काहीच बसत नाही. याच कारणाने हे मिश्रण लोखंडी पिंपात करीत नाहीत, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात करतात. नाहीतर पिंपच तांबे खेचून घेईल आणि स्वतः झिजेल.

आणि हो, या कामासाठी स्वयंपाकघरातली न गंजणारी स्टीलची सुरी चालत नाही. तिच्यात क्रोमियम असते आणि त्याचा ऑक्साइडचा पातळ थर तिच्यावर असतो. अगदी ॲल्युमिनियमसारखा पडदा! तिच्यावर तांबे बसले नाही, म्हणजे मिश्रण ठीक आहे असे समजणारा शेतकरी फसेल. त्या मुलीने ‘काहीही बदल दिसला नाही’ असे खरे लिहिले, म्हणूनच हा पडदा आमच्या वर्गाला सापडला.

प्रयोग संपल्यावर मोरचुदाचे पाणी झाडांना किंवा गटारात ओतू नका, ते विषारी असते. एका बाटलीत साठवा आणि त्यात लोखंडी खिळे टाकून ठेवा. निळा रंग पूर्ण गेला, की बहुतेक तांबे तळाशी बसले असे समजा. मग ती बाटली शिक्षकांच्या ताब्यात द्या, आणि हात साबणाने धुवा.

शब्दार्थ

निरीक्षण – मुशाहिदा
निष्कर्ष – नतीजा
द्रावण – महलूल
श्रेणी – क्रमाने लावलेली यादी, सिलसिला
मोरचूद – नीला थोथा
हिराकस – हीरा कसीस
साका – द्रावणात तयार झालेला, न विरघळणारा गाळ
करपणे – जळल्यासारखे होणे

स्वाध्याय

1. पुढील वाक्यांपैकी निरीक्षण कोणते व निष्कर्ष कोणता ते सांगा : (अ) द्रावणाचा निळा रंग फिका झाला. (आ) जस्ताने तांब्याला हटवले. (इ) नळी हाताला कोमट लागली.

2. तांब्याच्या भांड्यात झिंक सल्फेटचे द्रावण ठेवता येईल का? जस्ताच्या भांड्यात कॉपर सल्फेटचे द्रावण ठेवता येईल का? कारणे द्या.

3. ‘क्ष’ हा धातू फेरस सल्फेटच्या द्रावणातून लोखंड बाहेर काढतो, पण मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणात त्याच्यामुळे बदल होत नाही. ‘क्ष’ची श्रेणीतील जागा कोणत्या दोन धातूंच्या मध्ये आहे? हे दोन प्रयोग ‘क्ष’ म्हणजे नेमका कोणता धातू हे ठरवण्यास पुरेसे आहेत का?

4. धातू नसलेल्या चार नळ्या ठेवल्या नसत्या, तर वर्गाने कोणता चुकीचा निष्कर्ष काढला असता? तीन-चार वाक्यांत लिहा.

5. तुमच्या गावातील एखादा बागायतदार बोर्डो मिश्रण वापरत असेल, तर तो त्याची परीक्षा कशी करतो ते विचारा आणि त्याला कारण मराठीत समजावून सांगा.